मदत हवी आहे: खोकलं की लघवी सुटते, आवळायचा स्नायू सापडत नाही

महालची_सून: नागपूरहून लिहितेय. पहिलंच बाळंतपण, 29वा आठवडा. पंधरा दिवसांपासून खोकला आहे नं, प्रत्येक ढासेला दोन-चार थेंब सुटतात. परवा सीताबर्डीत दुकानात ठसका लागला तर पाय जोडून तशीच उभी राहिले. डॉक्टरांनी 'कीगल' नावाचा व्यायाम करायला सांगितलं, पण आवळायचं नेमकं काय? मी आवळते तर कुल्लेच घट्ट होतात.

वर्षा_धंतोली: सोप्पं आहे गं. लघवी करताना धार मधेच थांबवायची, तोच स्नायू. मी रोज तसंच करायची.

कुसुमकाकू: पोरी, पाणी कमी पी. नातीच्या वेळी माझ्या सुनेला लघवीला जळजळ व्हायची, तिला औषध दिलं होतं.

फिजिओताई: काकू, जळजळ असेल तर लघवी तपासायलाच हवी, पण पाणी तोडू नका. लघवी गडद झाली की मूत्राशय आणखी चिडतं, बद्धकोष्ठही होतं. वर्षा, स्नायू तोच, पण धार अडवून रोजचा सराव नको, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

महालची_सून, कुशीवर झोप, गुडघे थोडे वाकव. चारचौघांत गॅस सुटू नये म्हणून आवळतो तसं मागून आवळ, मग तेच पुढे लघवीच्या जागेपर्यंत वर ओढ. पातळ कपड्यावरून योनी आणि गुदद्वाराच्या मधल्या जागी बोट ठेव. ती जागा बोटापासून आत गेली तर बरोबर. बोटावर फुगून आली तर तू खाली जोर करतेयस, ते थांबव. तोंडाने आकडे मोजता आले म्हणजे श्वास अडकलेला नाही.

खोकताना पोटातला दाब एकदम मूत्राशयावर येतो. गर्भाच्या वजनाने आणि हार्मोन्समुळे खालचा आधार सैल झालेला असतो, म्हणून मूत्रमार्ग वेळेवर मिटत नाही. त्यामुळे ढास येतेय वाटलं की आधी आवळ, मग खोक, मग सोड.

महालची_सून: आत्ता करून पाहिलं. बोटाखाली हललं! पण चार मोजेपर्यंत आपोआप सुटतं. आणि सोडलं की नाही तेच कळत नाही.

फिजिओताई: मग तीनच मोज, आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोड. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. जमलं की हळूहळू दहापर्यंत ने. फरक पडायला कित्येक आठवडे लागतात. सोडल्याचं कळतच नसेल तर एकदा कुणाकडून तपासून घे, काहींचा स्नायू सैल नसून आवळलेलाच राहतो. तिथं आणखी आवळून उपयोग नाही.

वर्षा_धंतोली: पण ताई, ते पाणी लघवीच कशावरून? माझ्या जावेचं गर्भजल होतं.

फिजिओताई: बरं विचारलंस. खोकल्याशिवायही पाझरत राहिलं, पॅड वारंवार ओलं झालं, लघवीचा वास नसला, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच दवाखाना.

महालची_सून: नाही, फक्त खोकल्यावरच. रात्री एकदा चादर ओली वाटली होती, ते मात्र आठवत नाही कशाने.

फिजिओताई: मग उद्याची वाट पाहू नकोस गं. आत्ताच डॉक्टरांना फोन कर.