सल्ला हवा: 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य न लिहिता प्रसंग कसा लिहू?

कोरंपान
दीर्घकथा लिहितेय. ओवी आणि निखिल तीन वर्षांचे मित्र. उद्या तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात चाललाय आणि ती सामान बांधायला मदत करायला आलीये. दोघांनी आजवर एकमेकांना काही सांगितलेलं नाही. मी लिहिलंय ते असं:

"निखिल, तू गेलास की माझं काय होईल?"
"मलाही तुझ्याशिवाय करमणार नाही, ओवी. इतके दिवस बोललो नाही, पण माझं तुझ्यावर मनापासून प्रेम आहे."
तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

दोन मैत्रिणींना वाचायला दिलं. एकीला आवडलं, दुसरी फिस्सकन हसली. मला हसणारीचं पटतंय, पण दुरुस्त कसं करायचं ते कळत नाहीये.

मौनमुद्रा
सोपं आहे. प्रेमाचे सगळे शब्द काढून टाका, मधे टिंबं द्या. "तू... जातोयस?" "हो..." ती गप्प. तोही गप्प. शांतता सगळं बोलून जाते.

अर्धविराम
शब्द काढा हे बरोबर, पण टिंबांनी काम होणार नाही. टिंबं म्हणजे लेखक शेजारी उभा राहून 'बघा, इथे भावना आहे' म्हणून कोपर मारतो, तसलाच प्रकार. आणि अवघड वेळी माणसं गप्प बसतातच असं कुठे आहे? बरेचदा ती भलत्याच गोष्टीवर नको इतकं बोलतात.

कोरंपान, तुमच्या प्रसंगात खोकी आहेत, टेप आहे, तीन वर्षांचं सामान आहे आणि त्यातलं काहीही संवादात आलेलं नाही. दोघं जणू रिकाम्या मंचावर उभी आहेत. त्यांच्या हातात एक वस्तू द्या आणि फक्त तिच्याबद्दल बोलू द्या. समजा, तिने कधीतरी त्याला पुस्तक दिलं होतं:

ओवीने खोक्यावर 'पुस्तकं १' लिहिलं आणि मार्करला टोपण लावलं. मग ढिगातलं एक पुस्तक उचललं.
"हे माझं आहे."
"माझं वाचून व्हायचंय अजून."
"तीन वर्षं झाली."
"मी हळू वाचतो."
तिने पुस्तक उघडलं. खुणेचा कागद नवव्या पानावर होता.
"टेप किती लावणारेस? तिकडे मला उघडता यायला हवं."
"मग नको उघडूस."
तिने पुस्तक खोक्यात सगळ्यात वर ठेवलं आणि झाकण बंद केलं.

माझ्या पहिल्या खर्ड्यात शेवटी ओवी म्हणत होती, "राहू दे तुझ्याकडे, परत द्यायला तरी येशील." ते वाक्य मी खोडलं, कारण वाचकाने स्वतः जोडायचा धागा तिनेच बांधून टाकला होता. त्याला पुस्तक वाचायचं नाहीये, ठेवून घ्यायचंय, हे नवव्या पानावरून कळतं. तिला ते कळलंय, हे तिने पुस्तक खोक्यात ठेवण्यावरून. आणि "मग नको उघडूस" मधला राग पुस्तकावर नाही आणि टेपवर तर नाहीच नाही.

एक मात्र करावं लागेल. हे पुस्तक आधी कुठेतरी येऊन गेलेलं हवं. तीन-चार प्रकरणं मागे ओवीने सहज विचारावं, "माझं पुस्तक कुठाय रे?" आणि निखिलने विषय बदलावा. दोन ओळी पुरतात. ते नसेल तर इथे वाचकाला नुसती बांधाबांध दिसेल.

रात्रपाळी
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्याबरोबर एक मॅडम काम करतात. दोन वर्षं आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणतोय. गेल्या आठवड्यात कामावरून वाद झाला तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "तू जेवलास का आधी ते सांग." नंतर पुन्हा 'तुम्ही' सुरू. याचा अर्थ काय समजायचा?

मौनमुद्रा
दादा, हा कथालेखनाचा धागा आहे.

कोरंपान
थांबा, हे तर मला हवंच होतं!

अर्धविराम
रात्रपाळी, अर्थ मला कसा कळणार, त्यांनाच विचारा. पण लिहिणाऱ्याने हे जपून ठेवावं असं आहे. मराठीत 'तुम्ही' वरून 'तू' वर घसरणं हीच केवढी तरी कबुली असते. ते एकदाच घडू द्यायचं, घाईत किंवा भांडणात, आणि निवेदकाने त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. 'तिच्या तोंडून नकळत तू निघून गेलं' असं लिहिलंत की संपलं. पुढच्या ओळीत तिला मुकाट्याने 'तुम्ही' वर परत आणा. ती परतली म्हणजे तिच्याही लक्षात आलं, हे वाचक ओळखतो.

कोरंपान, तुमच्या कथेत दोघं मित्र आहेत, एकेरीतच बोलतात, तेव्हा हे तिथे चालणार नाही. ओढूनताणून घालू नका.

कोरंपान
रात्री पुन्हा लिहून पाहिलं. पुस्तक चौथ्या प्रकरणात पेरलं. शेवट असा केलाय: 'तिने पुस्तक खोक्यात ठेवलं, जणू आपलं मनच. तिचे ओठ थरथरले. तिने केसांची बट कानामागे सारली.' ठीक आहे का?

अर्धविराम
'जणू' पासून पुढचं सगळं काढा. पुस्तक म्हणजे मन, हे तुम्ही सांगून टाकलंत. आणि थरथरते ओठ, कानामागची बट, झुकलेली नजर या हालचाली इतक्या कथांमधून फिरून आल्यात की त्या आता मोठ्याने केलेल्या कबुलीसारख्याच वाटतात. हालचाल त्याच माणसाची आणि त्याच खोलीतली हवी. ओवी एरवी नीटनेटकी असेल तर 'पुस्तकं १' नंतरच्या खोक्यावर तिने पुन्हा 'पुस्तकं १' च लिहावं. निखिलने ते पाहावं आणि दुरुस्त करू नये.

मौनमुद्रा
हे सगळं छान, पण लोक मोबाइलवर भराभर वाचतात. नववं पान कोणाच्या लक्षात येणार? मला तरी कुठेतरी एक स्पष्ट वाक्य लागतं, नाहीतर फसवल्यासारखं वाटतं.

अर्धविराम
हा धोका खरा आहे. म्हणून मी प्रसंग दोन-तीन जणांना वाचायला देतो आणि 'प्रेम जाणवलं का?' असं विचारत नाही, कारण त्यावर सगळे हो म्हणतात. 'निखिलला काय हवं होतं?' असं विचारतो. 'पुस्तक' असं उत्तर आलं तर पेरणी कमी पडली. 'तिने थांब म्हणावं' असं आलं तर जमलं. स्पष्ट वाक्याला माझा कायमचा विरोध नाही, पण ते या प्रसंगात नको. नंतर, कदाचित फोनवर, मधे दुसरंच काही चालू असताना.

मौनमुद्रा
मी अजूनही म्हणेन की इथेच हवं. निरोपाच्या वेळी नाही बोलायचं तर कधी?

कोरंपान
दोन्ही शेवट लिहून ठेवते. हसणाऱ्या मैत्रिणीला हा नवा खर्डा दिला. हसली नाही. "तो मूर्ख आहे का?" एवढंच म्हणाली.

रात्रपाळी
आज धीर करून त्यांना म्हणालो, "तू निघालीस का?" त्यांनी "काय?" विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, ती फाइल द्या."

कोरंपान
हे मी कथेत वापरलं तर चालेल?

रात्रपाळी
वापरा. फक्त फाइलच्या जागी दुसरं काहीतरी घाला, त्या वाचतात हे सगळं.