यंदा दोन ज्येष्ठी पौर्णिमा. बैलांचा बेंदूर कुठल्या पौर्णिमेला करायचा?

येळ्ळूरचा शेतकरी: यंदा २०२६ ला ज्येष्ठ अधिक आलाय. पौर्णिमा ३१ मेला, परत २९ जूनला. पंचांगात कर्नाटकी बेंदूर २९ जूनला दिलाय. माझं मत, पहिल्या पौर्णिमेलाच करावा. जूनअखेर बैल कोळप्याला जुंपलेले असतात. मृग ८ जूनचा हलत नाही, मग सण का हलवायचा?

निपाणीकर काका: सण हलवला नाही, मागं सरकलेला परत जागेवर आणलाय. ज्येष्ठी पौर्णिमा २०२४ ला २२ जूनला होती, २०२५ ला ११ जूनला. बारा चांद्रमहिने ३५४ दिवसांत संपतात, म्हणून दरसाल अकरा दिवस मागं. यंदा ३१ मे धरलात तर पुढच्या साली २० मे, त्याच्या पुढं ८ मे. मृग हलत नाही कारण तो सूर्यावर चालतो. बेंदूर चंद्रावर.

खानापूरची वैनी: दर तीन वर्षांनी अधिक येतो आणि त्यात शुभकार्य करत नाहीत, म्हणून सण पुढं जातो. एवढंच आहे ते.

निपाणीकर काका: वैनी, तीन वर्षं पक्की नसतात. मे २०१८, मग सप्टेंबर २०२०, मग जुलै २०२३, आता मे २०२६. म्हणजे २८ महिने, ३४, परत ३४. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, हे एकच बघायचं. यंदा सूर्य वृषभेत १५ मेला गेला, अमावास्या त्यानंतर झाली. पुढची अमावास्या १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत संपते आणि सूर्य मिथुनेत त्याच दिवशी दुपारी जातो. चार-पाच तासांचा फरक! मधल्या महिन्याला संक्रांतच मिळाली नाही, म्हणून त्याला पुढच्या महिन्याचं नाव देऊन अधिक म्हटलं. सण त्यानंतरच्या निज, म्हणजे खऱ्या ज्येष्ठाला.

शहापूरची आई: माझी लेक २०१८ च्या अधिक ज्येष्ठातली. तिथीनं वाढदिवस आजवर निजातच केला. यंदा अधिकात करू का? सासूबाई हो म्हणतात, आमचे भटजी नको म्हणतात.

येळ्ळूरचा शेतकरी: ताई, तुमचं भटजींनाच परत विचारा. काका, हिशेब पटला. पण अकरा दिवसांची घसरण भरायला तुम्ही बेंदूर एकदम अठरा दिवस पुढं नेलात. कारहुणवी, म्हणजे हाच बेंदूर, आमच्याकडं पेरणीच्या तोंडावरचा सण. २९ जूनला भाताची धूळपेरणी होऊन कोळपणी सुरू असते.

निपाणीकर काका: हे मात्र खरं. ज्येष्ठ अधिक आला की त्या साली सण सगळ्यात उशिरा पडतो. पुढच्या साली १८ जूनला येईल. गडहिंग्लजकडचे पाहुणे तर महाराष्ट्रीय बेंदूर आषाढी पौर्णिमेच्या सुमारास करतात, यंदा जुलैअखेर.

येळ्ळूरचा शेतकरी: पूजा २९ जूनलाच करतो. पण ३१ मेला बैलांची शिंगं रंगवून, त्या दिवशी खांद्यावर जू ठेवणार नाही. घरात अजून यावर एकमत नाही.