मदत हवी आहे: मोठ्या ग्रुपवर कोणी नुसतं ‘राम राम’ टाकलं, तर उत्तर कसं द्यावं?

कृषीसखी_घाटंजी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सहाशेच्या वर सदस्य, बहुतेक कापूस-सोयाबीनवाले, काही बचत गटातल्या बाया. प्रश्नांना उत्तरं द्यायला आम्ही पाच जण आहोत.

परवा संध्याकाळी एका नव्या सदस्यानं ‘राम राम’ एवढंच लिहिलं. लगेच आमच्यातल्या एकानं बियाणं, खत, माती परीक्षण, पीक विमा, गोदाम अशी सगळी यादी टाकली. दुसऱ्यानं शेतीशाळेची तारीख टाकली. तिसऱ्यानं ‘बोला, काय मदत पाहिजे? कर्जाचं आहे का?’ विचारलं. एका कृषी केंद्रवाल्यानं फवारणीच्या औषधांचे भाव टाकले. मग दहा-पंधरा जणांचे ‘राम राम’ आले. तो माणूस पुढं काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर कळलं, त्याच्या सोयाबीनची पानं पिवळी पडली होती आणि तेच विचारायचं होतं. शेवटी दुकानातून मिळालेलं औषध मारून मोकळा झाला. ते औषध लागू होतं की नाही, कोणीच पाहिलं नाही.

आपुलकी दिसावी, पण सहाशे फोन वाजू नयेत आणि समोरचा बुजू नये, असं उत्तर कसं द्यायचं? आणि ते कोणी द्यायचं?

नितीन_अकोला

सोपं आहे. सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल असं करा. पूर बंद.

कृषीसखी_घाटंजी

नितीनदादा, मग त्याचा ‘राम राम’ पण बंद होईल ना. विचारायचं असेल त्यानं कुठं विचारायचं?

वरुडचा_संत्रावाला

आमच्या ग्रुपवर पण हाच ताप आहे. सकाळी पाचपासून फुलांचे फोटो आणि सुप्रभात. गळीवर काय मारायचं, हा प्रश्न फोटोंखाली दबून जातो. मी फोटो टाकणाऱ्याला ताकीद देतो, तिसऱ्यांदा टाकला की काढून टाकतो. तुम्ही पण नियम लावा.

बांधावरून

वरुडवाले भाऊ, सुप्रभातचा फोटो आणि नव्या माणसाचा ‘राम राम’ वेगळा. फोटो पाठवणाऱ्याला उत्तर नको असतं. याला हवं असतं, पण एकच.

ताई, मी वर्धा जिल्ह्यात जवळजवळ भरलेला ग्रुप सांभाळतो (व्हॉट्सॲपची मर्यादा 1024 आहे). आमच्याकडे हे का होत होतं ते आधी सांगतो. गावात नेटवर्क येतं-जातं. पाचही जणांच्या फोनवर तो ‘राम राम’ बिनउत्तराचा दिसतो. कोणी आधीच उत्तर लिहिलं असेल, तर ते त्याच्याच फोनमध्ये घड्याळाच्या खुणेवर अडकलेलं असतं. रेंज आली की पाचही उत्तरं एकदम पडतात. प्रत्येकानं चांगल्या मनानंच लिहिलेलं असतं, पण समोरच्याला पाच जण अंगावर आल्यासारखं वाटतं.

म्हणून आम्ही पाळी लावली. आज संध्याकाळी कोण, ते ठरलेलं. तो सोडून कोणी लिहायचं नाही. बाकीच्यांना राहवत नसेल, तर त्या मेसेजवर बोट दाबून धरून हात जोडल्याची खूण द्यायची. खुणेची सूचना फक्त मूळ मेसेज टाकणाऱ्याला जाते, इतरांचे फोन वाजत नाहीत.

पाळीवाल्यानं त्याच मेसेजला धरून उत्तर द्यायचं. सुटं ‘राम राम’ लिहिलं, तर लोकांना वाटतं सगळ्यांनाच घातला, आणि मग परत सगळे घालतात. त्यानं जो शब्द वापरला तोच परत द्यायचा. ‘जय भीम’ला ‘जय भीम’, ‘जय सेवा’ला ‘जय सेवा’. नाव माहीत असेल तर नाव. बस. यादी नाही, ‘काय मदत करू’ पण नाही.

नितीन_अकोला

पण काही विचारलंच नाही, तर त्याला कळणार कसं की इथं मदत मिळते?

बांधावरून

ते ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा. शिवाय एक मेसेज वर पिन करा. पिन जास्तीत जास्त 30 दिवस राहतो, मग परत लावायचा. ज्याला पाहायचं तो पाहतो. पाहुणा दारात राम राम घालतो, तेव्हा आपण त्याच्या हातात दुकानाची भावपट्टी देत नाही.

गजू_दारव्हा

मॅडम, मी सांगतो. आमच्या इकडचा मानूस आंधी राम राम घालते, मंग पाह्यते का कोनी बोलते का नाही. कोनी बोललं त मंग आपलं गाऱ्हानं सांगते. त्यातबी बऱ्याच जनायले टाइप करता येत नाही. राम राम घातला का मंग पोराले बलावते, नाही त आवाज रेकॉर्ड करते. त्याले टाइम लागते न. तेवढ्यात तुमी सगळे बोलले त त्याले वाटते हे आपल्याले काई इकाले बसले.

बांधावरून

गजूभाऊंनी नेमकं सांगितलं. म्हणून उत्तर दिल्यावर थांबायचं. अर्धा तास तरी.

ताई, तुमच्याच माणसाचं उदाहरण घ्या. तो: ‘राम राम’. पाळीवाला: ‘राम राम भाऊ’. इथं शांतता. मग समजा आवाज आला, ‘सोयाबीनचे पानं पिवळे पडले’. आता एकच प्रश्न: ‘एका पानाचा जवळून फोटो टाकता का?’ फोटोत कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोहाची कमतरता, पाणी साचलेल्या रानात हे होतं. हिरवे-पिवळे चट्टे मिसळलेले असतील, तर पिवळा मोझॅक असू शकतो. तो पांढऱ्या माशीनं पसरतो, तशी झाडं उपटून काढावी लागतात. दोन्हींचा उपाय वेगळा. फोटोच्या आधी आलेल्या औषधांच्या भावाचा त्याला काय उपयोग?

कृषीसखी_घाटंजी

दादा, हे पटलं. पण अर्ध्या तासानंतरही तो गप्पच राहिला तर? खाजगीत विचारावं का?

बांधावरून

मी विचारतो. त्याच मेसेजवरून खाजगी उत्तराचा पर्याय घ्यायचा, म्हणजे आपण कशाबद्दल बोलतोय ते त्याला दिसतं. ‘भाऊ, ग्रुपवर राम राम पाहिला. काही विचारायचं असेल तर इथं बोला.’ एकदाच. उत्तर नाही आलं, तर विषय संपला. नुसताच राम राम घातला असेल, तोही हक्क आहे त्याचा.

शेतकरीण_राळेगाव

इथं मला बोलायचं आहे. मी अशाच एका ग्रुपवर नमस्कार टाकला आणि रात्री साडेनऊला अनोळखी पुरुषाचा खाजगी मेसेज आला. भला माणूस असेल. पण घरी फोन सासऱ्यांच्या हातात होता, मला ग्रुप सोडावा लागला. बाईचा नमस्कार असेल, तर खाजगीत जाऊ नका. जायचंच असेल तर बाईनं जावं, तेही दिवसा.

बांधावरून

ताई, हे माझ्या ध्यानात नव्हतं. आमच्या पाळीत एकही बाई नाही. नंबरवर नाव नसलं, तर बाई की पुरुष हेही कळत नाही. मग सरसकट खाजगीत जाणं बंद करावं का, हे आता मलाही सुचत नाही.

कृषीसखी_घाटंजी

आमच्या पाच जणांत मी आणि अजून एक बाई आहे. नाव कळत नसेल तेव्हा खाजगी मेसेज आम्ही दोघींनीच करायचा, दिवसा, असं उद्या मांडते. पाळी पण उद्यापासून लावते. कृषी केंद्रवाल्याचं मात्र राहिलंच. तो उधारीवर माल देतो, त्याला काढलं तर निम्मे सदस्य नाराज होतील.

गजू_दारव्हा

त्याले काढू नका. भाव टाकाले एक वार ठरवून द्या, बजाराचा.

नितीन_अकोला

वार ठरवून तो ऐकेल असं वाटत नाही. आमच्याकडे नाही ऐकलं.