मदत हवी आहे: चार महिन्यांच्या बाळासाठी घरी शिवलेलं कापडी पुस्तक तिच्या हातात वाजतच नाही

लेकीची_आई (सोलापूर)
माझी लेक परवा चार महिन्यांची झाली. दिवसभर स्वतःच्या मुठी डोळ्यांसमोर धरून बघत बसते, मग दोन्ही तोंडात. सासूबाईंनी हौसेने तिला कापडी पुस्तक शिवून दिलं. घरातल्या सोलापुरी चादरीचे तुकडे घेऊन चार पानं केली आणि कुरकुर वाजावं म्हणून आत वेफर्सचं पाकीट धुऊन, कापून घातलं. आम्ही दाबलं की वाजतं. तिच्या हातात दिलं की काहीच नाही, दोन क्षण धरते आणि सोडून देते. शेजारच्या बाळाचं विकतचं पुस्तक मात्र तिने चांगलं वाजवलं. शिवाय एकदा धुतल्यावर शिवणीतून चंदेरी टोक डोकावतंय. ते तोंडात जाईल अशी धास्ती वाटते, पण सासूबाईंना सांगायचं कसं?

दोन_पोरांचा_बाप
रंगीत चादरीची पानं आहेत ना, तिथेच चुकलं. या वयात फक्त काळं-पांढरं दिसतं. तसं पुस्तक घ्या, लगेच खेळेल.

शिवणवाली_मावशी
दादा, पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठळक काळं-पांढरं लवकर नजरेत भरतं, हे बरोबर. पण चौथ्या महिन्यात बाळाला रंग दिसतात. इथे अडचण हाताची आहे. मी आधी युनिफॉर्म शिवायचे, आता बाळांची झबली-दुपटी शिवते.

चादर जाड असते. दोन थरांमध्ये पाकीट गेलं की चुरगळायला आपल्यासारखा जोर लागतो. तिची बोटं अजून सगळी एकदम मिटतात, चिमटीत धरता येत नाही. म्हणून जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं मऊ, पातळ कापड घ्या आणि पान तळहाताएवढंच ठेवा. चादरीचा तुकडा मुखपृष्ठाला लावा, म्हणजे सासूबाईंची हौसही राहील.

वेफर्सचं पाकीट काढून टाका. तेलाचा वास राहतो, छपाई असते आणि कापलेले कोपरे टोचतात. नव्या शर्टावर येतं ते छपाई नसलेलं कडक पारदर्शक प्लास्टिक चालेल. कोपरे गोल कापा. शिवताना एक चूक सगळेच करतात, प्लास्टिकच्या चारही कडांवरून टीप मारतात. सुईच्या भोकांची रांग पडली की ते तिकिटासारखं तिथूनच फाटतं. तुमचं बहुतेक असंच बाहेर आलंय. प्लास्टिक पानापेक्षा बोटभर लहान कापा, पातळ कापडाच्या छोट्या पिशवीत घालून पिशवी चारी बाजूंनी शिवून टाका आणि ती पिशवी पानात एकाच कडेला अडकवा. बाहेरची शिवण उसवली तरी आतली राहते. बाहेर बारीक टाक्यांची दुहेरी टीप मारा. मग शिवण दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरा. फट दिसली तर पुन्हा शिवा.

आजोळ_अक्कलकोट_रोड
माझा नातू नऊ महिन्यांचा, तो कागदाची पुस्तकं फाडून खातो. कापडी पुस्तकाने ही सवय मोडेल का? आणि आमच्याकडे टॉवेलचे तुकडे खूप पडलेत, त्याचं शिवू का?

शिवणवाली_मावशी
काका, सवय मोडणार नाही, कापडही चघळेलच! टॉवेलचे तुकडे नकोत. उभे धागे ओढले जातात आणि सुटलेला धागा बाळाच्या बोटाला गुंडाळून आवळला जाऊ शकतो.

लेकीची_आई (सोलापूर)
मावशी, अगदी चारही बाजूंनीच टीप होती! रविवारी साडीच्या कापडाचं एक पान करून बघितलं. वाजतं, पण पहिल्यांदा ती दचकून रडली. मग पान तिच्या हाताच्या मागच्या बाजूला नुसतं टेकवलं, तशी बोटं उघडली. हात हलला, आवाज झाला आणि ती थबकली. बऱ्याच वेळाने पुन्हा हात हलवला. तिला कळलं असेल का?

शिवणवाली_मावशी
पहिला आवाज चुकूनच होतो. थांबून पुन्हा तसंच केलं की समजावं, जुळवतेय. मध्ये आपण वाजवून दाखवायची घाई करू नका. दचकली तर कानाजवळ धरू नका, पोटाजवळ हातात द्या. आणि झोपेत पाळण्यात अजिबात ठेवू नका.

दोन_पोरांचा_बाप
विकतचंच घ्या की, 2021पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. घरच्याची खात्री कोण देणार?

शिवणवाली_मावशी
चिन्ह बघून घ्याच, पण विकतच्याची शिवणही उजेडात धरा. घरचं मात्र गरम पाण्यात धुऊ नका, प्लास्टिक आकसतं.

लेकीची_आई (सोलापूर)
आमच्याकडे पाणी रोज येत नाही, पुस्तक रोज लाळेने भिजतं. दोन शिवून आलटून पालटून वापरू का? सासूबाईंनी दुसऱ्याचं कापड काढलंय, पण त्यावर जरीचा काठ आहे. तो कसा टाळायचा, हे कुणी सांगाल?