अनुभव धागा: रात्रीत इडलीचं पीठ फुगतं कसं? (आणि कधी का नाही?)

सातारकरीण: ३ वाट्या उकडा तांदूळ, १ वाटी उडीद डाळ, माप तेच, डबाही तोच. मागच्या महिन्यात रात्री १० ला ठेवलं तर सकाळी ६ ला ओटाभर ओघळलेलं. परवा मात्र वर बुडबुडे, आंबट वास, पण पीठ जिथल्या तिथे. किचन तर दोन्ही वेळा तसंच गरम. तुमचे अनुभव लिहा.

कृष्णाकाठ_सांगली: उन्हाळ्यात आमच्याकडे ६ तासांतच फुगतं. तांदळात यीस्ट असतं, ते उष्णतेनं वाढतं, बस.

निवृत्त_मास्तर: कृष्णाकाठ, उष्णतेचं बरोबर आहे, पण मुख्य काम यीस्टचं नाही. डाळीवर आधीच असलेले ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू साखर खाऊन आंबटपणा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही करतात. साधारण ३० अंशांना ते जोरात असतात, थंडीत रेंगाळतात. पण नुसता गॅस झाला म्हणजे पीठ फुगलं असं नाही, तो आत अडकायला हवा, आणि अडकवतो तो उडदाचा बुळबुळीतपणा. ताई, परवा आंबट वास होता म्हणताय म्हणजे जिवाणूंनी काम केलंय, गॅस निसटला. डाळ वाटताना पाणी जास्त पडलं का?

सातारकरीण: सर, बरोबर पकडलंत! मिक्सर अडकत होता म्हणून दोनदा पाणी ओतलं, पीठ ताकासारखं झालेलं.

मिरजेची_सून: माझा डोसा तव्याला चिकटतो, त्याचं काय? बिडाचा तवा आहे.

कृष्णाकाठ_सांगली: अहो तो वेगळा धागा काढा की 😄 पण सर, माझी डाळ वर्षभराची जुनी होती तेव्हाही पीठ बसलेलंच होतं, पाणी तर बेतानंच घातलेलं.

निवृत्त_मास्तर: जुनी डाळ नीट फुलत नाही, वाटून हलकी होत नाही. वाटीभर पाण्यात थेंबभर वाटलेली डाळ टाकून बघा, तरंगली तर हवा भरलीय, बुडाली तर अजून वाटा. आणि मिक्सर तापू देऊ नका, गार पाणी थोडं थोडं घाला.

सातारकरीण: काल केलं तसंच. डाळ आधी वेगळी वाटली, थेंब तरंगेपर्यंत, मग तांदूळ वाटून मिसळला. सकाळी दुप्पट! चमचा घातला तर आत जाळीच जाळी. दुपारपर्यंत तसंच राहिलं तर मात्र मधे खड्डा पडून खाली बसलं आणि आंबटढाण झालं.

पाटणची_काकू: अगं, हातानं कालवलंस का? आमच्याकडे आईचा हात लागला की फुगतं, वहिनीचा लागला की नाही.

निवृत्त_मास्तर: काकू, जिवाणू डाळीतूनच भरपूर येतात, हाताचं मला तरी पटत नाही.

पाटणची_काकू: पटू नका. वहिनीला विचारा.

मिरजेची_सून: मीठ रात्री घालायचं की सकाळी?

कृष्णाकाठ_सांगली: रात्री.

सातारकरीण: मी सकाळी घालते, तरी फुगलं की.