८० नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये टीई दिसतो, टीएम नाही. पुढच्या खेपेला जाडी किती सांगू?

चंद्रकोर:
सिलिकॉन वेफरवर २ मायक्रॉन ऑक्साइड आणि त्यावर ८० नॅनोमीटर सिलिकॉन नायट्राइड (अपवर्तनांक साधारण २.०) अशी फिल्म आहे. वर नुसती हवा. प्रिझमने ६३३ नॅनोमीटरचा लाल लेसर आत घातला की टीईला एक छान लाल रेघ उमटते. पोलरायझर फिरवून टीएम केला की काहीच नाही.

माझा गोंधळ वेगळाच आहे. किरण वर-खाली आपटत जातो आणि एका पूर्ण फेरीत फेज २π च्या पटीत जुळायला हवी, असं धरून मी गणित केलं. पहिल्या मोडसाठी किमान जाडी २३१ आली. मग ८० मध्ये टीई तरी कसा चालतो? पुढच्या खेपेला फक्त टीई हवा आहे. किती जाडी सांगू?

अर्धवट_पीएचडी:
अगदी पहिल्या मोडला कटऑफच नसतो रे. फिल्म कितीही पातळ कर, एक टीई आणि एक टीएम कायम असतो. तुझा पोलरायझर नाहीतर प्रिझमचा कोन चुकतोय. टीएम वेगळ्या कोनाला मिळतो, तिथे शोध.

नाना_ऑप्टिक्स:
अर्धवटराव, हे वर-खाली एकच माध्यम असेल तेव्हा खरं. इथे खाली १.४५७ चं ऑक्साइड आणि वर हवा आहे, म्हणून पहिल्या मोडलाही कटऑफ आहे.

चंद्रकोर, तुम्ही दोन्ही सीमांना आरसा समजलात. पूर्ण परावर्तनात लाट सीमेपलीकडे थोडी डोकावून परत येते आणि त्यात तिची फेज बदलते. ते हिशेबात धरलं की अट अशी होते:

`2·k·h·n·cosθ − 2φ₁ − 2φ₂ = 2πm`

तुमच्याच फिल्मवर लावून बघा. टीईसाठी कोन लंबापासून ४९.४ अंश येतो. जाडीमुळे एका फेरीत ११८ अंशांची फेज जमा होते. हवेच्या बाजूला ८२ आणि ऑक्साइडच्या बाजूला ३६ वजा होतात. बाकी शून्य, म्हणजे m = 0. हिशेब चोख.

आता फिल्म पातळ करत गेलात तर हा कोन ऑक्साइडच्या क्रांतिक कोनाकडे, ४६.८ कडे सरकतो. तिथे ऑक्साइडकडचा φ शून्य होतो, पण हवेकडचा उरतो. तेवढी फेज भरायला लागणारी जाडी म्हणजेच कटऑफ. टीईसाठी ती ४८ नॅनोमीटर येते. टीएममध्ये हवेकडचा φ जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून ९२ लागतात. तुमचे ८० बरोबर मधे पडले. तुमचे २३१ फुकट गेले नाहीत, ते दोन लागोपाठ मोडांच्या कटऑफमधलं अंतर आहे. दुसरा टीई २७९ ला सुरू होईल.

कांदेपोहे:
फक्त टीई हवाय म्हणून ५५ वगैरे सांगू नकोस, मी तेच केलं होतं. माझं ऑक्साइड १ मायक्रॉनचंच होतं. रेघ दोनचार मिलिमीटरवर संपायची. महिनाभर मी फिल्मच्या खडबडीतपणाला दोष देत बसलो.

नाना_ऑप्टिक्स:
कटऑफजवळ हेच होतं. ८० ला मोडची शेपटी ऑक्साइडमध्ये साधारण २४० नॅनोमीटरवर ओसरते, ५५ ला तीच ९०० पर्यंत लांबते. तुमच्या ऑक्साइडखालचं सिलिकॉन ती पिऊन टाकत होतं.

अर्धवट_पीएचडी:
कटऑफचं मान्य. पण ८० नॅनोमीटर म्हणजे तरंगलांबीच्या आठव्या हिश्शाएवढं. एवढ्याशा जागेत किरण नागमोडी जातो हे चित्र मला अजून पटत नाही.

नाना_ऑप्टिक्स:
बारीक झोत म्हणून ते चित्र खोटंच आहे. पसरलेल्या सपाट लाटा कल्पा आणि किरण हा त्यांच्या दिशेचा बाण समजा. या चौकटीत तेवढ्याने उत्तर नेमकं येतं.

चंद्रकोर:
आभार नाना! पण टीएम खरंच कटऑफमुळे गायब आहे, पोलरायझरमुळे नाही, हे कसं तपासू?

नाना_ऑप्टिक्स:
प्रिझमच्या फटीत आणि पुढे थोडं पाणी सोडा. वर पाणी आलं की दोन्ही बाजूंमधला फरक घटतो आणि टीएमचा कटऑफ ५७ वर उतरतो. टीएमची रेघ उमटायला हवी, आणि थेंबाच्या कडेशी तुटायला हवी. टीईची मात्र कड ओलांडून पुढे जाईल. फक्त पाण्याने प्रिझमचा दाब सैल होतो, तो परत लावा.

जाडी ८० च ठेवा. अपवर्तनांक २.०५ निघाला तर टीएमचा कटऑफ ८८ वर येतो, म्हणून ९० च्या जवळ जाऊ नका.

चंद्रकोर:
अपवर्तनांक फिल्म करून देणाऱ्यांनी सांगितलेला आहे, मी मोजलेला नाही. रेघेच्या कोनावरून काढता येईल का?

कांदेपोहे:
एका रेघेवरून जाडी आणि अपवर्तनांक दोन्ही सुटत नाहीत. त्याच यंत्रात २०० ची एक फिल्म करून घे, टीई आणि टीएम दोन्ही मिळतील.

अर्धवट_पीएचडी:
पण टीएमला अपवर्तनांक तोच धरायचा का? फिल्ममध्ये ताण असेल तर उभा-आडवा वेगळा निघू शकतो.

चंद्रकोर:
ते नंतर बघू. सोमवारी आधी पाणी सोडतो.