मदत हवी आहे: ग्राहकांना कोणती सोय सगळ्यात जास्त हवी, हे विचारायचं कसं?

दळणकांडप
सर्व्हे केला. प्रत्येक सोय किती महत्त्वाची, १ ते ५ गुण द्या. सगळ्यांनाच सव्वाचार ते पावणेपाच! मालक म्हणतात, "मग काय, सगळंच बनवायचं?" एक जण सांगतो क्रमवारी लावून घ्या, दुसरा म्हणतो चार-चारमधून सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात बिनमहत्त्वाची निवडायला सांगा. सोमवारी फॉर्म पाठवायचा आहे. लवकर सांगा.

खवचट_काका
वस्तू कोणती? सोयी किती? भरणार कोण, कशावर? ज्योतिषालाही जन्मवेळ लागते हो.

दळणकांडप
घरघंटी. तेरा सोयी: आवाज कमी, साफ करायला सोपी, दाणे संपले की आपोआप बंद, झाकण उघडलं की बंद, चाकं, झटपट दळण वगैरे. दीडशे जुने ग्राहक, व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म.

सागवान
क्रमवारीच घ्या, डोळे झाकून. आमच्या फर्निचरच्या दुकानात पाच गोष्टींची लावून घेतो, चोख उत्तर मिळतं.

मधुराणी_ठाणे
घरघंटीचा विषय निघालाच आहे तर, नाचणी बारीक दळली जाते का? आईला घ्यायची आहे. आवाज फार नको, खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांचं बाळ आहे.

आकडेमोड
सागवान, पाचांना ठीक आहे. तेरांची क्रमवारी मोबाइलवर लावायला दिली की लोक वरच्या दोन-तीन आणि तळाची एखादी मनापासून लावतात, मधल्या कशाही राहतात. सहावी आणि आठवी यांत फरक आहे की नाही, ते त्यांनाच माहीत नसतं. वरच्या तीनच हव्या असतील तर "तीन निवडा" विचारा, काम भागेल. पण ओळींचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवा, नाहीतर पहिल्या ओळीला फुकटची मतं पडतात.

गुणांचं काय होतं ते दिसलंच. जास्त मागायला पैसे पडत नाहीत, म्हणून सगळंच महत्त्वाचं.

इथे चार-चारची पद्धतच बरी. आधी "झाकण उघडलं की बंद" यादीतून काढा. ती सुरक्षेची बाब आहे, कोणी नको म्हटलं तरी द्यायचीच. उरल्या बारा. चार सोयींचा एक असे नऊ प्रश्न, म्हणजे प्रत्येक सोय एका माणसाला तीनदा दिसेल. मात्र नऊ प्रश्नांत सगळ्या जोड्या समोरासमोर येत नाहीत. म्हणून चौकड्या वेगवेगळ्या पाडून तीन फॉर्म करा, पन्नास-पन्नास जणांना एकेक.

दळणकांडप
गूगल फॉर्मात जमेल? वेगळं सॉफ्टवेअर घ्यायला पैसे नाहीत.

आकडेमोड
जमेल. `Multiple choice grid` घ्या. ओळी दोनच, सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी महत्त्वाची. स्तंभांत चार सोयी, नावं आखूड ठेवा. मग `Require a response in each row` आणि `Limit to one response per column` दोन्ही चालू करा, म्हणजे एकच सोय दोन्हीकडे निवडता येणार नाही.

मोजायचं असं. दीडशेही जणांनी भरला तर प्रत्येक सोय ४५० वेळा दिसली. समजा "साफ करायला सोपी" १९० वेळा वर, ४० वेळा खाली. १९० उणे ४० म्हणजे १५०, त्याला भागिले ४५०, म्हणजे ०.३३. चाकं ३० वेळा वर, २४० वेळा खाली, उणे ०.४७.

सागवान
आणि शून्य आलं तर? कोणालाच पडलेली नाही, असंच ना?

आकडेमोड
तिथेच लोक फसतात. २० वर, २० खाली, तरी शून्य. २०० वर, २०० खाली, तरी शून्य. पहिलीचं कोणाला सोयरसुतक नाही. दुसरीवरून ग्राहकांत दोन तट आहेत. घरापुरतं दळणारे आणि पीठ विकणारे यांची बेरीज वेगळी करा, "झटपट दळण" बहुतेक तिथेच फुटेल.

खवचट_काका
एवढं करून कळणार काय? बारापैकी कुठली वर. बाराही भिकार असल्या तरी त्यातली एक वर येणारच!

आकडेमोड
मान्य, ही पद्धत फक्त आपसातली तुलना सांगते. म्हणून शेवटी वरच्या दोन-तीन सोयींबद्दल "यासाठी हजार रुपये जास्त द्याल का" हेही विचारा.

सागवान
हो म्हणतील सगळे. बिल करताना बघा.

आकडेमोड
तेही खरंच.

दळणकांडप
बरं, पीठ विकणाऱ्या बायका आमच्या यादीत दहा-बाराच असतील. चालेल?

आकडेमोड
दहा-बारांच्या आकड्यावर मी तरी निर्णय घेणार नाही. त्यांना फोन करून सविस्तर बोला.

खवचट_काका
आणि दीडशेही जुनेच ग्राहक! ज्यांनी तुमची बघून दुसऱ्याची घेतली, त्यांना कोण विचारणार?

दळणकांडप
त्यांचे नंबर दुकानदारांकडे असतील. देतील की नाही, बघतो. मधुराणी, नाचणी दळली जाते, बारीक जाळी लावा. आवाज मात्र होतो.